वीस टक्के आणि चार कलमं

भागधारक कराराचा मसुदा हातात पडला की मी पहिल्या पानापासून वाचत नाही. आधी शोधते ती किमतीची व्याख्या. शेअर एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्याचा दर कोण ठरवणार, कधी ठरवणार आणि कशावरून? ही व्याख्या बहुतेक वेळा मागच्या एखाद्या परिशिष्टात, छोट्या टायपात, दोन-तीन ओळींत बसलेली असते. एक्झिट म्हणजे बाहेर पडणं, डेडलॉक म्हणजे मतभेदाने गाडं अडणं, ड्रॅग म्हणजे आपल्याबरोबर दुसऱ्यालाही विकायला लावणं आणि टॅग म्हणजे दुसऱ्याच्या विक्रीत आपलेही शेअर घालणं, ही चार कलमं त्या ओळींवर उभी असतात. कलमं कितीही भारदस्त भाषेत लिहिलेली असोत, दराची ओळ कच्ची असेल तर बाकीचं सगळं वाचण्यात फारसा अर्थ उरत नाही.

कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीचा करार असाच समोर आला होता. तपशील मी बदलले आहेत, हिशोब मात्र तसाच ठेवला आहे. दोन सख्खे भाऊ, वडिलांनी उभा केलेला कारखाना, ट्रॅक्टर आणि पंपांची कास्टिंग्ज. नवीन मोल्डिंग लाइन घालायची होती आणि बँक आणखी कर्ज द्यायला तयार नव्हती. पैसे घालणार होते आबा, आयुष्यभर गुळाचा व्यापार केलेले गृहस्थ. कंपनीचे एकूण दहा लाख शेअर होणार होते. त्यातले दोन लाख आबांना ३०० रुपयांनी, म्हणजे सहा कोटी रुपये आणि वीस टक्के मालकी. उरलेले आठ लाख दोघा भावांत निम्मे-निम्मे.

“ताई, पोरं चांगली आहेत. बापाशी माझा तीस वर्षं व्यवहार होता,” आबा म्हणाले. पोरं चांगली होतीच, पण करार त्यांच्यापुरता नसतो. उद्या एखाद्या भावाच्या वाट्याला त्याचा जावई येऊ शकतो, धाकट्याला घर घ्यायला पैसे लागू शकतात, आणि आबांच्या जागी पुण्यात नोकरी करणारी त्यांची मुलगी बसलेली असू शकते. त्या दिवशी टेबलापाशी असणारी माणसं एकमेकांना नीट ओळखतही नसतील.

वीस टक्क्यांना कायदा काय देतो, हे आबांना आधी सांगावं लागलं, कारण त्यांची समजूत “पाचव्या हिश्शाचा मालक म्हणजे पाचव्या हिश्शाची सत्ता” अशी होती. साधा ठराव साध्या बहुमताने होतो. विशेष ठरावाला, म्हणजे कंपनीचे आर्टिकल्स, तिची अंतर्गत नियमावली, बदलण्यासारख्या मोठ्या गोष्टीला, बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट लागतात. ऐंशी विरुद्ध वीस, म्हणजे चौपट. आबा हात वर करून विरोध करत राहतील आणि ठराव मंजूर होत राहतील. अगदी पंचवीस टक्के असते तरी उपयोग नव्हता, कारण पंचाहत्तर हे पंचविसाच्या बरोबर तिप्पट होतात. ठराव अडवायला पंचवीसच्या वर एक तरी शेअर लागतो. संचालक मंडळावरची खुर्चीसुद्धा आपोआप मिळत नाही. टाटा सन्समध्ये शापूरजी पालनजी समूहाकडे अठरा टक्क्यांहून अधिक हिस्सा होता, आणि तरीही मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं की, करारात किंवा आर्टिकल्समध्ये तसा हक्क नसेल तर अल्पांश भागधारकाला मंडळावर हिश्शाप्रमाणे जागा मागता येत नाही. तिथे ही गत, तर शिरोलीच्या फाउंड्रीत आबांना जे मिळायचं ते कागदावर मागूनच मिळणार होतं.

मसुदा भावांच्या वकिलांनी केलेला होता आणि वरवर पाहता बराच उदार होता. चौदा ‘राखीव विषय’ होते, ज्यांवर आबांच्या लेखी संमतीशिवाय निर्णय होणार नव्हता. आबा त्या यादीवर खूश होते. मी डेडलॉकचं कलम काढलं. त्यात असं होतं: एखाद्या राखीव विषयावर लागोपाठ दोन सभांमध्ये गुंतवणूकदाराची संमती मिळाली नाही तर डेडलॉक झाला असं समजायचं. मग तीस दिवस चर्चा. तोडगा निघाला नाही तर प्रवर्तकांना गुंतवणूकदाराचे सगळे शेअर ‘रास्त मूल्याने’ विकत घेण्याचा हक्क. रास्त मूल्याची व्याख्या परिशिष्टात होती: शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदाप्रमाणे नक्त मालमत्ता, भागिले शेअर.

आबांचे पैसे आल्यावर कंपनीचं भांडवल एक कोटी आणि राखीव निधी, प्रीमियम धरून, पंधरा कोटी होणार होता. सोळा कोटी भागिले दहा लाख, म्हणजे १६० रुपये. आता समजा, पुढच्या वर्षी भावांनी ठराव मांडला की दोघांचा पगार साठ लाखांवरून दीड कोटी करायचा. पगार राखीव विषय आहे, आबा नाही म्हणणार. दुसऱ्या सभेतही नाही म्हणणार. तीस दिवस चहापाणी होईल, आणि मग ३०० रुपयांना घेतलेले शेअर १६० ने परत. सहा कोटींचे तीन कोटी वीस लाख. ज्या नकाराधिकारावर आबा खूश होते, तो वापरणं हेच त्यांना बाहेर काढायचं निमित्त ठरत होतं. राखीव विषयांची यादी, डेडलॉकचं कलम आणि दराचं परिशिष्ट ही तीन वेगवेगळ्या पानांवर होती. एकेक करून वाचलं तर तिन्ही निरुपद्रवी वाटत होती.

भावांच्या वकिलांनी हे जाणूनबुजून केलं असं मला वाटत नाही. असे मसुदे जुन्या फायलींतून जोडत जोडत तयार होतात, आणि हे कलम बहुधा पन्नास-पन्नास टक्क्यांच्या कुठल्यातरी संयुक्त उद्योगातून आलं असावं. तिथे खरोखरच गाडं अडू शकतं. ऐंशी-वीसमध्ये अडत नाही. कारखाना भाऊच चालवतात, रोजचे निर्णय बहुमताने होतात. अडतो तो फक्त एखादा राखीव विषय, आणि तो अडावा म्हणूनच तर राखीव ठेवलेला असतो.

आम्ही हरकत घेतल्यावर तिकडून दुसरी सूचना आली, आणि ती ऐकायला अतिशय न्याय्य होती. डेडलॉक झाला तर कुणीही एकाने दर सांगायचा, आणि दुसऱ्याने ठरवायचं की त्या दराने विकायचे की घ्यायचे. सांगणारा मुद्दाम कमी दर सांगणार नाही, कारण त्याच दराने स्वतःचेच शेअर जातील. “दोघांना सारखाच हक्क,” असं वकीलसाहेब म्हणाले. हक्क सारखा होता, खिसे सारखे नव्हते. भावांनी २०० रुपये दर सांगितला तर आबांपुढे पर्याय दोन: चार कोटी घेऊन जा, नाहीतर तीस दिवसांत सोळा कोटी आणून आठ लाख शेअर घ्या. सोळा कोटी आणले तरी फाउंड्री चालवणार कोण? मेल्टिंगचा हिशोब, ग्राहकांचे खरेदी अधिकारी, मुकादम, सगळं भावांच्या हाती. कंपनीचा खरा दर ३५० असला तरी २०० चा दर त्यांना निर्धास्तपणे सांगता येतो, कारण समोरचा घेऊच शकत नाही हे त्यांना ठाऊक असतं. समान हिश्शाच्या, समान ऐपतीच्या भागीदारांत ही पद्धत चालते. वीस टक्केवाल्याने ती मान्य करू नये.

शेवटी असं ठरलं की राखीव विषयावर संमती नसेल तर तो विषय मागे पडतो, आहे ती स्थिती चालू राहते, आणि त्यातून कुणालाही खरेदीचा हक्क निर्माण होत नाही. वार्षिक अंदाजपत्रक अडलं तर मागच्या वर्षीचंच दहा टक्के वाढीने चालू. यावर मोठ्या भावाने विचारलेला प्रश्न रास्त होता: “आबांनी चौदाच्या चौदा गोष्टींना नाही म्हटलं तर आम्ही काम कसं करायचं?” म्हणून आम्ही यादी निम्म्यावर आणली. लांबलचक यादी मागणं हा गुंतवणूकदाराच्या वकिलांचा आवडता हट्ट आहे आणि मला तो पटत नाही. भांडावं अशा गोष्टी थोड्याच असतात: नवे शेअर काढणं, घरच्या मंडळींशी आणि त्यांच्या फर्मशी व्यवहार, भावांचा मोबदला, ठरावीक मर्यादेपलीकडचं कर्ज, धंदा विकणं, नवा धंदा सुरू करणं, आर्टिकल्स बदलणं. पाच लाखांच्या वर मशीन घ्यायला संमती हवी, असलं कलम दुसऱ्याच वर्षी सगळ्यांना नकोसं होतं.

कोरमचं एक वाक्यही तिथे होतं. आबांचा संचालक हजर असल्याशिवाय सभेचा कोरम पूर्ण होणार नाही, हे पहिलं वाक्य. कोरम झाला नाही तर सभा पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी होईल आणि तेव्हा हजर असतील त्यांचाच कोरम धरला जाईल, हे दुसरं. दोन्ही एकत्र वाचली तर आबा आठवडाभर काशीयात्रेला गेले की संपलं. दुसरं वाक्य काढायचं नसतं, नाहीतर गुंतवणूकदार सभेलाच न येऊन कंपनी ओलीस धरू शकतो. त्यात एवढंच घालायचं की तहकूब सभेतही राखीव विषय लेखी संमतीशिवाय घेता येणार नाहीत.

एक्झिटच्या कलमात लिहिलं होतं की पाच वर्षांनंतर गुंतवणूकदाराला बाहेर पडण्याची संधी मिळावी म्हणून प्रवर्तक ‘वाजवी प्रयत्न’ करतील: एसएमई आयपीओ, त्रयस्थाला विक्री किंवा बायबॅक, म्हणजे कंपनीनेच शेअर परत विकत घेणं. प्रयत्न फसले तर पुढे काय, याबद्दल एक अक्षर नव्हतं. धाकटा भाऊ आयपीओबद्दल उत्साहाने बोलत होता आणि मनापासून बोलत होता, पण बाजार कुणाच्या करारावर चालत नाही. आयपीओ आला तर उत्तमच. करार वाचायचा तो आला नाही असं धरून.

बायबॅकवर आबांचा फार भरवसा होता. कंपनी पैसे देईल, भावांच्या खिशाला हात लागणार नाही, सगळे खूश. पण कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६८ ची मर्यादा आहे. विशेष ठराव करूनही बायबॅकची एकूण रक्कम भरणा भांडवल आणि मुक्त राखीव निधीच्या पंचवीस टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. या कंपनीत सोळा कोटींचे पंचवीस टक्के, म्हणजे चार कोटी. एका बायबॅकनंतर वर्षभर दुसरा नाही. शिवाय बायबॅक सगळ्या भागधारकांना हिश्शाच्या प्रमाणात द्यावा लागतो, म्हणजे भावांनी आपले शेअर देणार नाही असं आधीच करारात कबूल करायला हवं, नाहीतर चार कोटींतले ऐंशी लाखच आबांचे. नफा साठत गेला तर राखीव निधी वाढेल आणि मर्यादाही वाढेल. पण पाचव्या वर्षी एका फटक्यात सगळे पैसे बायबॅकमधून निघतील हे गणित बसत नव्हतं.

म्हणून पुट ऑप्शन मागितला, थेट भावांवर: पाच वर्षांनंतर आबांनी नोटीस दिली की भावांनी स्वतः शेअर घ्यायचे. आणि इथे गाडी पुन्हा दरावर आली. ‘परस्पर संमतीने, अन्यथा लवादाने ठरवलेला दर’ असं तिकडच्या दुरुस्तीत होतं. असल्या शब्दांचं काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाचे सत्तावीस टक्के आणि बजाज ऑटोचे चोवीस टक्के होते. एकाला विकायचं असेल तर दुसऱ्याला आधी द्यायचे, दर जमला नाही तर लवाद, असं दोघांत ठरलेलं होतं. महामंडळाने २००३ मध्ये शेअर देऊ केले. दर जमला नाही. लवादाचा निवाडा २००६ मध्ये आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी तो २०१० मध्ये रद्द केला, खंडपीठाने २०१५ मध्ये पुन्हा उभा केला, आणि सर्वोच्च न्यायालयातला शेवट होऊन शेअर हातात पडायला २०१९ उजाडलं. दरम्यान शेअरचा बाजारभाव अनेक पटींनी चढला होता. त्या वादात सार्वजनिक कंपनीच्या शेअरच्या हस्तांतरणावर बंधन घालता येतं का हा कायद्याचा प्रश्नही गुंतलेला होता, तो आमच्या खासगी कंपनीत नाही. पण दराची पद्धत कागदावर नसली की दोन्ही पक्ष मोठे आणि जाणते असूनही सोळा वर्षं जाऊ शकतात. आबा तेव्हा सत्तरीच्या घरात होते.

दराची पद्धत मग आम्ही सविस्तर लिहिली. नोंदणीकृत मूल्यांककांची तीन नावं करारातच, त्यातलं एक आबांनी निवडायचं, पंचेचाळीस दिवसांत अहवाल, आणि तो दोघांवर बंधनकारक. सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे की आधी अख्ख्या कंपनीचं मूल्य काढायचं आणि त्याचे वीस टक्के धरायचे. अल्पांश हिस्सा आहे किंवा शेअर सहज विकले जात नाहीत म्हणून वजावट करायची नाही. हे वाक्य नसेल तर मूल्यांकक आपल्या शास्त्राप्रमाणे ती वजावट करू शकतो आणि त्यात त्याची चूकही नसते. कंपनी पन्नास कोटींची निघाली, आबांचे दहा कोटी झाले, आणि पंचवीस टक्के वजावट लागली, तर साडेसात कोटी हातात. अडीच कोटी एका न लिहिलेल्या वाक्यात जातात.

आणि भावांनी पैसे दिलेच नाहीत तर? आबांनी बारा टक्के किमान परतावा मागितला होता. सहा कोटींचे पाच वर्षांत साडेदहा कोटी होतात. एवढे पैसे भाऊ आणणार कुठून, हा प्रश्न मी आबांनाच विचारला. दावा जिंकता येतो, पण ज्याच्याकडे नाही त्याच्याकडून वसूल काय करणार? त्यामुळे न देण्याची किंमत वेगळ्या प्रकारची ठेवावी लागते. पुटची मुदत टळली की आबांना ड्रॅगचा हक्क मिळेल, म्हणजे गिऱ्हाईक आणून भावांच्या ऐंशी टक्क्यांसकट अख्खी कंपनी विकण्याचा हक्क, असं आम्ही मांडलं. खोलीत शांतता पसरली. “म्हणजे आमच्या बापाची फाउंड्री आबा विकणार?” मोठा भाऊ म्हणाला. त्याचा राग समजण्यासारखा होता. पण आबांचे सहा कोटी पाच वर्षं त्याच फाउंड्रीच्या भट्टीत असणार होते, हेही तितकंच खरं. बरीच ओढाताण झाल्यावर ठरलं की परतावा नऊ टक्के, पुट फसला तर भावांना स्वतः पैसे उभे करायला आणखी नऊ महिने, मग आबांचा विक्रीचा हक्क, आणि त्यातही आलेल्या दराला भावांनी आधी घेण्याची मुभा.

या विक्रीच्या हक्कातली एक मेख मला योगायोगानेच दिसली, कंपनीचं वीजबिल चाळताना. बिल कंपनीच्या नावावर नव्हतं. एमआयडीसीचा प्लॉट वडिलांच्या जुन्या भागीदारी फर्मच्या नावावर होता आणि कंपनी तिथे भाड्याने होती. एमआयडीसीची जमीन मुळात भाडेपट्ट्याची, तिचं हस्तांतरण त्यांच्या परवानगीशिवाय होत नाही. आबांनी कंपनीचे शंभर टक्के शेअर विकायला काढले तरी जिच्या पायाखाली जमीन नाही अशी फाउंड्री कोण घेणार? ड्रॅगचं कलम अक्षरन् अक्षर बिनचूक असतं आणि तरीही फुकट गेलं असतं. फर्मला करारात पक्षकार केलं आणि विक्री झाली तर प्लॉटही त्याच व्यवहारात देण्याचं तिच्याकडून कबूल करून घेतलं. कंपनी काय विकतेय हे पाहायचं असेल तर कराराबरोबर सात-बारा, भाडेपट्टे आणि बिलंही मागवावीत.

भावांच्या बाजूचा ड्रॅग मसुद्यात आधीपासूनच होता: पंचाहत्तर टक्केवाल्यांनी त्रयस्थाचा प्रस्ताव स्वीकारला तर गुंतवणूकदाराने त्याच दराने आणि त्याच अटींवर विकायचं. या हक्काला माझा तात्त्विक विरोध नाही. गिऱ्हाइकाला शंभर टक्के हवे असतात आणि वीस टक्केवाल्याने व्यवहार अडवू नये. पण “त्याच दराने” हे शब्द अपुरे आहेत. समजा, एखादी मोठी कंपनी एकूण बत्तीस कोटी द्यायला तयार आहे. तिने शेअरचे २४० रुपयांप्रमाणे चोवीस कोटी दिले आणि उरलेले आठ कोटी दोघा भावांना, पाच वर्षं दुसरी फाउंड्री काढायची नाही याचा मोबदला म्हणून. दर सगळ्यांना सारखाच आहे. आबांना चार कोटी ऐंशी लाख मिळाले. सगळी रक्कम शेअरवर धरली असती तर सहा कोटी चाळीस लाख मिळाले असते. म्हणून दराच्या व्याख्येत प्रवर्तकांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना त्या व्यवहारात कुठल्याही नावाने मिळणारी रक्कम धरायची, खऱ्या नोकरीचा बाजारभावाचा पगार तेवढा सोडून. आणि खाली तळ ठेवायचा: आबांचे घातलेले पैसे अधिक ठरलेला परतावा याखाली ड्रॅग लागू होणार नाही. पैसे रोख, गिऱ्हाईक खरोखर त्रयस्थ.

“त्याच अटींवर” याला तर जास्तच जपावं लागतं. विक्रीच्या करारात विकणारे कंपनीबद्दल शेकडो हमी देतात: कर भरले आहेत, प्रदूषण मंडळाची संमती चालू आहे, कामगारांची देणी नाहीत. दोन वर्षांनी जीएसटीची मोठी मागणी निघाली तर गिऱ्हाईक हमी देणाऱ्यांकडे जाईल, आणि जबाबदारी संयुक्त असेल तर एकट्या आबांकडूनही सगळी रक्कम मागू शकेल. कारखान्याच्या भट्टीजवळ कधी न गेलेल्या माणसाने प्रदूषणाची हमी का द्यावी? आबांनी हमी द्यायची ती एवढीच की शेअर माझे आहेत आणि त्यांवर कुणाचा बोजा नाही. बाकी काही अंगावर आलंच तर आपल्या हिश्शापुरतं, आणि हातात पडलेल्या रकमेपलीकडे कधीच नाही.

टॅग हे ड्रॅगचं उलटं टोक. भाऊ विकत असतील तर आबांनाही त्याच गिऱ्हाइकाला विकता यावं. मसुद्यातला टॅग प्रमाणशीर होता. भावांनी एक्कावन्न टक्के, म्हणजे पाच लाख दहा हजार शेअर विकायला काढले तर त्यातले वीस टक्के आबांचे: एक लाख दोन हजार. अर्ध्याहून जास्त निघाले म्हणून आबांना ते ठीक वाटलं. उरले अठ्ठ्याण्णव हजार, म्हणजे ९.८ टक्के. आणि कराराच्या शेवटच्या भागात एक कलम होतं की गुंतवणूकदाराचा हिस्सा दहा टक्क्यांखाली गेला तर संचालकाची जागा, राखीव विषय आणि पुट हे सगळं संपुष्टात येईल. टॅग वापरला की आबा नव्या, अनोळखी मालकाच्या कंपनीत हक्काविना अडकून पडणार होते. भावांचं नियंत्रण जात असेल तेव्हा टॅग पूर्ण हवा, दोन्ही लाख शेअर. गिऱ्हाईक तेवढे घ्यायला तयार नसेल तर भावांनी आपल्या वाट्यातून कमी करायचे. किरकोळ विक्रीला प्रमाणशीर टॅग चालेल, पण टप्प्याटप्प्याने होणाऱ्या विक्रीची बेरीज धरायची.

भावांना आपले शेअर घरच्या एलएलपीत, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थेत, टाकायचे होते, वारसाहक्काची सोय म्हणून. नातेवाइकांना आणि स्वतःच्या संस्थांना हस्तांतरणाला टॅग लागू नव्हता, आणि ते योग्यही होतं. मात्र उद्या त्या एलएलपीत नवा भागीदार आला आणि भाऊ बाहेर पडले तर कंपनीचा एकही शेअर न हलता मालक बदलतो. एलएलपीतला बदल हेही हस्तांतरणच मानायचं, असं लिहिलं.

याहून सोपी पळवाट म्हणजे शेअरला हातच न लावता कंपनीनेच अख्खा धंदा विकणं. पैसे कंपनीत येतात, टॅग लागत नाही, आबा एका रिकाम्या कंपनीचे वीस टक्के मालक. कायद्याच्या कलम १८० प्रमाणे धंदा विकायला विशेष ठराव लागतो खरा, पण खासगी कंपन्यांना जून २०१५ च्या अधिसूचनेने त्यातून सूट आहे, बशर्ते ताळेबंद आणि वार्षिक विवरण भरण्यात कसूर नसावी. म्हणजे मंडळाचा ठराव पुरतो. राखीव विषयांच्या यादीत मी ज्यासाठी शेवटपर्यंत भांडले असते तो विषय हाच, आणि सुदैवाने तो वादाविना मान्य झाला.

हे सगळं झाल्यावर भावांचे वकील म्हणाले, सह्या करू, आर्टिकल्स सावकाश बदलता येतील. यावर मात्र मी अडून बसले. रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन या १९९१ च्या निकालात एका कुटुंबाच्या खासगी कंपनीत शेअर आधी आपल्याच शाखेत द्यायचे असं भागधारकांनी आपसांत ठरवलं होतं. आर्टिकल्समध्ये ते नव्हतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते बंधनकारक मानलं नाही. आमचा टॅग आणि ड्रॅग हीसुद्धा शेअरच्या हस्तांतरणावरचीच बंधनं. ती आर्टिकल्समध्ये जायलाच हवीत. गेली तरी ऐंशी टक्केवाले विशेष ठरावाने ती पुन्हा काढू शकतात. त्यासाठी कलम ५ मधली तरतूद वापरायची: ही कलमं बदलायला आबांची संमती लागेल असं आर्टिकल्समध्येच घालायचं. चालू खासगी कंपनीत त्याला सगळ्या सभासदांची मान्यता लागते, आणि ती पैसे यायच्या आधी जितक्या सहज मिळते तितकी नंतर मिळत नाही.

त्यामुळे सहा कोटी आधी एस्क्रो खात्यात, म्हणजे अटी पूर्ण होईपर्यंत त्रयस्थाच्या ताब्यात, गेले. नव्या आर्टिकल्सचा ठराव झाला, कंपनी सेक्रेटरीने ठराव निबंधकाकडे नोंदवायचा एमजीटी-१४ फॉर्म भरला, पोचपावती आली, मग रक्कम कंपनीच्या खात्यात वळती झाली. मधल्या दिवसांत मोठ्या भावाने मोल्डिंग लाइनच्या आगाऊ रकमेसाठी आबांना रोज फोन केला, आणि आबांनी रोज तो फोन माझ्याकडे वळवला.